आधी माझा आवाज, मग तुमचा नंबर

"दादा, तुम्ही दरवेळी सुरुवातीला स्वतःचीच का उडवता? आणि मग लोकांवर घसरता!"

कारण माझा आवाज. तो बारीक आहे, आणि मी 'नमस्कार' म्हणताच सभागृहात जी शांतता पसरते ती मला ओळखीची आहे. हसावं की हसू नये, हे लोकांना कळत नसतं. मग मीच सांगून टाकतो, की बँकेतून फोन येतो तेव्हा ते म्हणतात, "मॅडम, जरा साहेबांना द्या." मी खाकरतो, आवाज जड करतो आणि पुन्हा 'हॅलो' म्हणतो. ते म्हणतात, "काकू, साहेब आहेत का?"

हशा येतो, खांदे सैल पडतात. ज्याच्याकडे बघायची चोरी होती त्याच्याकडे आता मोकळेपणानं बघता येतं. पण हे दोन विनोदांत आटपावं लागतं. सुरुवातीच्या काळात मी सात-आठ मिनिटं स्वतःलाच झोडपायचो. पाचव्या विनोदाला मागच्या रांगेतून 'अरेरे' ऐकू आलं. लोक कीव करायला लागले की हसत नाहीत, आणि पुढे तुम्ही कुणाला चिमटा काढलात तर तो सूड वाटतो.

तर हो, ही युक्ती आहे. लपवत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली विनोदाच्या चार शैली मोजणारी प्रश्नावली मांडली. इतरांना हसवण्यासाठी स्वतःला नको इतकं खाली पाडणं ही त्यातली एक, दुसऱ्याला टोचणं ही दुसरी. माझ्या कार्यक्रमात पहिली दुसरीसाठी दार उघडून धरते. त्यांनी ती वेगवेगळ्या खणांत ठेवली, मी एकाच पाच मिनिटांत बसवली.

आता ते तिसऱ्या रांगेतले गृहस्थ.

आवाजाचा विनोद मस्त गेला होता. मी त्यांना विचारलं, "काय करता, साहेब?" आमच्या धंद्यातला हा सगळ्यात आळशी प्रश्न. ते म्हणाले, "नोकरी गेली." मी म्हटलं, "म्हणजे आमच्याच लाईनीतले!" सगळे हसले, तेही हसले. तिथं थांबायला हवं होतं. पण हशा गरम होता. शेजारी बसलेल्या बाईंकडे वळून मी म्हटलं, "वहिनी, आज तिकिटं तुम्ही काढलीत ना?" मग त्यांच्या शर्टाच्या इस्त्रीवर बोललो, "वेळच वेळ आहे म्हणून कडक!" मग अजून एक. तो इथे लिहीत नाही.

दिसत होतं सगळं. गृहस्थ हसत होते, पण नुसते दात दिसत होते, डोळे स्थिर. शेजारच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, बराच वेळ. आणि आजूबाजूचे लोक हसण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघून घेत होते. परवानगी उरली असेल तर कुणी असं बघून घेत नाही.

कार्यक्रमानंतर ते दाराशी थांबले होते. मी आधीच म्हणून टाकलं, "राग मानू नका, मी स्वतःलाही सोडत नाही." तेव्हा हे वाक्य मला ढालीसारखं वाटायचं.

ते शांतपणे म्हणाले, "आवाजाची ती गंमत आजवर किती वेळा सांगितली असेल?"

"दोनशे-अडीचशे वेळा."

"मी 'नोकरी गेली' हे आज पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो."

एवढंच बोलून ते गेले.

त्या काळच्या मला विचाराल तर तो म्हणेल, मी आधी मार खाल्ला, मग दिला, हिशेब फिटला. कसला फिटला! मी दाखवलेली जखम केव्हाच भरलेली होती आणि कुठली दाखवायची ते मी घरी बसून ठरवलं होतं. त्यांची मी माईक हातात असताना उघडली. पण त्या पोराचंही एक म्हणणं मला खोडता येत नाही: त्यांनी खोटं उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं, मग खरंच का दिलं? बहुधा मी आवाजाबद्दल इतकं सरळ बोललो म्हणून. म्हणजे युक्ती फसली नव्हती, नको इतकी लागू पडली होती.

हल्ली 'काय करता' विचारत नाही. 'इथे तुम्हाला ओढून कुणी आणलं?' असं विचारतो, आणि पहिला चिमटा आयोजकांना, कारण माझं पाकीट त्यांच्या हातात असतं. एखाद्यावर बोलताना त्याच्याकडे नाही, त्याच्या शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी खाली बघायला लागला की मी पुन्हा माझ्या आवाजावर येतो.

तरी परवा एका बाईंना 'ओढून कुणी आणलं?' म्हटलं, तर म्हणाल्या, "कुणी नाही, एकटीच आले." हशा आला. मी पुढचं वाक्य गिळलं, पण ते जिभेवर तयार होतं.