सात पायऱ्यांचा जिना

सोमवारी सकाळी कराडच्या साइटवर पोचले तेव्हा मिस्त्री हातात रंगीत प्रिंट धरून उभे होते. शेजारी काका-काकू, ज्यांच्या घराचं डिझाइन मी केलं होतं. जिन्याच्या सेंटरिंगसाठी फळ्या उतरवलेल्या होत्या, भिंतीवर पायऱ्या आखायच्या तेवढ्या बाकी होत्या. काका म्हणाले, "मॅडम, जिना अगदी या चित्रातल्यासारखाच करा. आणि खाली संडासाचं दार दाखवलंय ते फार बरं केलंत. हिच्या गुडघ्यांची सोय झाली."

मी त्या जागी संडास दिलाच नव्हता. लँडिंगखाली सामानाचं कपाट होतं, साडेचार फूट उंचीचं.

मिस्त्रींनी प्रिंट माझ्यापुढे धरली. "मॅडम, ड्रॉइंगमध्ये लँडिंगपर्यंत बारा पायऱ्या आहेत. यात सातच दिसतात. कुठलं धरू?"

ते रेंडर, म्हणजे घर बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याचं चित्र, शनिवारी रात्री मीच पाठवलं होतं. स्केचअप या थ्रीडी प्रोग्रॅममधल्या मॉडेलचा व्ह्यू काढला, एआयच्या टूलमध्ये टाकला, मूळ रेषा किती काटेकोर पाळायच्या ती पट्टी थोडी सैल ठेवली, कारण सैल ठेवली की उजेड आणि लाकूड सुंदर येतं. चौथं चित्र आवडलं आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. पायऱ्या मोजल्या नाहीत.

तिथेच विटांच्या थप्पीवर बसून हिशेब केला. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. एकूण १८ चढ, प्रत्येक पावणेसात इंचांच्या जरा आत. बाराव्या चढाला लँडिंग, जमिनीपासून ८० इंचांवर. तीच उंची सात पायऱ्यांत गाठायची तर एकेक पायरी साडेअकरा इंचांच्या आसपास जाते. मिस्त्रींनी काही न बोलता तीन विटा एकावर एक रचल्या, वर दोन इंची फळी टाकली आणि काकूंना म्हणाले, "मावशी, पाय ठेवून बघा." काकूंनी काकांचा खांदा धरला, पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

काकांचा खरा आनंद मात्र पायऱ्यांपेक्षा हॉलमध्ये होता. चित्रात जिन्याच्या पायथ्याशी सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल ऐसपैस बसलं होतं. बारा चढांना मध्ये पाय ठेवायचे अकरा पाट लागतात, दहा इंचांचा एक धरला तर जिना भिंतीलगत ९ फूट २ इंच पसरतो. सात चढांना सहाच पाट, म्हणजे ५ फूट. चित्राने ४ फूट २ इंच जमीन हवेतून काढून दिली होती आणि टेबल नेमकं तिथेच होतं. पायऱ्यांची चूक ही नुसती पायऱ्यांची राहत नाही, ती खोलीचं माप बदलते, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं.

दुपारी ऑफिसात तीच प्रिंट, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले. आता हीच तपासणी प्रत्येक चित्राची करते, म्हणून सविस्तर सांगते.

आधी डोळ्याची रेष. मॉडेलमध्ये कॅमेरा ५ फुटांवर ठेवला होता. फरशीच्या आणि भिंतीच्या मागे जाणाऱ्या रेषा लांबवल्या की त्या ज्या उंचीवर मिळतात तिथे आडवी रेष मारायची. कॅमेरा सरळ असेल तर या रेषेखालची प्रत्येक गोष्ट ५ फुटांच्या आत, वरची त्याहून उंच, मग ती जवळ असो की लांब. सात फुटी दाराला ही रेष खालून सातातल्या पाचव्या भागावर कापायला हवी. मुख्य दार प्रिंटवर ९८ मिलिमीटर भरलं, रेष ७० वर. बरोबर. लँडिंगखालचं दार भरलं ६३, रेष ५३ वर. ६० इंचांना ५३ ने भागून ६३ ने गुणलं तर ७१ इंच, म्हणजे ५ फूट ११. टूलने कपाटाच्या पल्ल्याचं दार केलं, त्याला मूठ लावली, चौकट लावली आणि जेवढं बसेल तेवढं बसवलं. नुसत्या डोळ्यांना ते लांबचं दार वाटतं, म्हणून खटकत नाही. आणि तिथे खरं सात फुटी दार येणारही नव्हतं. ८० इंचांच्या लँडिंगमधून स्लॅब आणि प्लास्टर गेलं की खाली जेमतेम ७४ इंच उरतात. जिन्याखालून वावरायचं तर नॅशनल बिल्डिंग कोड २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट मोकळी उंची मागतो.

मग टेबल. त्याच्या पायापासून रेषेपर्यंत ६४ मिलिमीटर. टेबल ३० इंच उंच असतं, म्हणजे बरोबर निम्म्यावर, ३२ ला हवं. आलं २४. साडेबावीस इंचांचं टेबल! सगळं फर्निचर बारीक केल्यामुळे हॉल मोठा दिसत होता. सोफ्याची बैठक, किचनचा ओटा, स्विचबोर्ड, सगळं याच रेषेवरून पडताळता येतं.

या युक्तीला मर्यादा आहेत. कॅमेरा वर-खाली झुकलेला असेल, उभ्या भिंती तिरक्या दिसत असतील, तर हा हिशेब लागत नाही. वस्तू त्याच फरशीवर हवी, बुडालेल्या लिव्हिंगमधल्या सोफ्याला किंवा लँडिंगवरच्या कुंडीला ही रेष लावू नये. एखाद-दोन इंचांचा फरक प्रिंटवर पकडताही येत नाही. पण पावणेसहा-सहा फुटी दार निसटत नाही.

जिन्यासाठी वेगळी शिस्त ठेवली. चित्र मोठं करून खालून प्रत्येक चढाच्या कडेला लाल ठिपका द्यायचा आणि आकडा ड्रॉइंगशी जुळवायचा. मध्येच दोन पायऱ्या वितळून एक होते, तिथे ठिपका कुठे द्यावा कळत नाही, तीच खूण. मग रेलिंगवरून बोट फिरवायचं. आमच्या चित्रात लँडिंगच्या वळणावर कठड्याचे दोन खांब पायरीवर न टेकता भिंतीत शिरले होते, दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी वरची पायरी कुठे पोचते ते पाहायचं, आणि बीमखालून जाताना माणसाचं डोकं वाचतं का ते.

हे सगळं करायच्या आधी मॉडेलचा मूळ व्ह्यू चित्रावर अर्धा पारदर्शक करून ठेवला की निम्म्या चुका तिथेच दिसतात. ते मला दोन मिनिटांचं काम होतं.

दुरुस्तीसाठी अख्खं चित्र पुन्हा काढलं नाही. तसं केलं की जिना सुधारतो आणि खिडकी बिघडते. जिन्याचा आणि कपाटाचा भाग तेवढा निवडला, मॉडेलमधल्या रेषा वर चिकटवल्या, टूलमधली ती पट्टी घट्ट केली आणि तेवढाच भाग पुन्हा काढला. पायऱ्या थोड्या रुक्ष आल्या. चालेल.

अवघड होतं ते काकूंना सांगणं. जिन्याखालचा संडास त्यांच्या मनात दोन दिवस बांधून झाला होता. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि प्लॅन पुढे ठेवला. खालच्या बेडरूमचं वॉर्डरोब दुसऱ्या भिंतीला नेलं तर बाथरूमला हॉलच्या बाजूनेही दार काढता येत होतं, अडीच फुटी, सात फूट उंच. डायनिंग टेबल चार खुर्च्यांचं झालं. काका त्यावर बराच वेळ गप्प होते.

नवी प्रिंट काकूंनी चष्मा लावून हातात घेतली. टेबलाकडे पाहिलंच नाही. जिन्याच्या तळाशी बोट ठेवलं आणि एकेक पायरी मोजत वर गेल्या.