किल्ल्यातल्या फेरीची स्क्रिप्ट, चौतीस मुलं आणि अडकलेला एक अर्ज

आमची शाळा खानापूर तालुक्यात, मराठी माध्यम, सहावीच्या वर्गात छत्तीस मुलं. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावात काँग्रेस अधिवेशनाच्या शंभरीची गडबड चालू होती, पोस्टर बघून पोरं विचारायला लागली, टीचर गांधीजी इथं का आले होते, आणि मग मी ठरवलं की यांना बेळगावचा किल्ला दाखवायचा, नुसतं फिरवून आणायचं नाही तर नीट स्क्रिप्ट लिहून. एसटी ठरवणं, पालकांच्या सह्या, डबे, ते सगळं झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिली स्क्रिप्ट मी अकरा पानांची लिहिली. रट्ट राजे, चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, १२०४ साली किल्ल्यात बांधलेलं जैन मंदिर कमल बस्ती, काळ्या पाषाणातली नेमिनाथाची मूर्ती, दोन शिलालेख, सगळं घातलं. घरी माझ्या पाचवीतल्या भाच्याला वाचून दाखवली तर दुसऱ्या पानावर तो म्हणाला, मावशी, १२०४ म्हणजे शिवाजी महाराजांच्या आधी की नंतर? तेव्हा कळलं की अकरा वर्षाच्या मुलाला सन म्हणजे नुसता आकडा. १२०४ आणि १८०४ त्याला सारखेच लांब. त्याला अंतर डोळ्यांनी दिसायला पाहिजे.

मग मी असं केलं. एक मूल म्हणजे पंचवीस वर्षं, साधारण एक पिढी. मुलं हातभर अंतरावर एका रांगेत उभी करायची, पहिला मुलगा म्हणजे आजचा, २०२४ मधला, दुसरा त्याचे बाबा, तिसरे आजोबा. पाचव्या मुलावर बरोबर शंभर वर्षं होतात, तिथं १९२४, गांधीजींचं अधिवेशन. सहावी मुलगी म्हणजे १८९२ च्या आसपास, स्वामी विवेकानंद बेळगावात आले होते ते. नववा म्हणजे १८१८, इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं किल्ला घेतला तेव्हाचा. पंधरावा म्हणजे १६७४, महाराजांचा राज्याभिषेक. आणि कमल बस्ती बांधली तेव्हाचं मूल चौतीसावं. (८२० भागिले २५ केलं की ३२.८ येतं, म्हणजे तेहतीस उड्या, आणि पहिलं मूल शून्यावर उभं असतं म्हणून चौतीस. इथं मी एकदा चुकले होते, तेहतीसच मोजले, भाच्यानंच पकडलं.) उरलेल्या दोघांना मी रांगेतल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवून जोरात सन ओरडायचं काम दिलं. पंधराव्यानंतर पुढं रांग चालूच राहते ना, ते बघून मुलं गप्प होतात, कारण त्यांच्या मनात महाराज म्हणजे सगळ्यात जुने असतात.

आता सहलीची परवानगी देणाऱ्या ऑफिसचं सांगते, कारण माझा खरा वेळ तिथंच गेला आणि राग अजून गेला नाही.

मुलांना तालुक्याबाहेर न्यायचं म्हणजे लेखी परवानगी लागते, अर्जासोबत मार्ग, वेळापत्रक आणि 'मुलांना काय सांगणार' याचा गोषवारा जोडायचा. मी मराठीत दिलं. खिडकीवरच्या बाईंनी न वाचता परत केलं, कन्नडमध्ये आणा. ठीक आहे, नियम असेल. आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या मॅडमना विनंती केली, त्यांनी दोन संध्याकाळी बसून कन्नड करून दिलं, पैसे घेतले नाहीत, त्यांच्याबद्दल मी किती बोलू. कन्नड अर्ज घेऊन पहिल्या खेपेला गेले तर सायबरू इल्ला, नाळे बर्री, म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले तर साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला साहेब होते, त्यांनी वर बघूनसुद्धा घेतलं नाही, अर्जावर कुठंतरी 'बेळगाव' लिहिलं होतं त्यावर गोल केला, बेळगावी लिहा म्हणाले. २०१४ पासून नाव बदललंय हे मला माहीत आहे, पण कन्नड पानावर बरोबरच होतं, शाळेच्या जुन्या लेटरहेडवर छापलेलं होतं ते. त्या छापील ओळीसाठी मला नवीन लेटरहेड काढून मुख्याध्यापकांची सही परत आणावी लागली. खानापूर ते तिथं आणि परत म्हणजे अर्धा दिवस जातो, रजा टाकून जायचं. वर्गात कोण शिकवणार? चौथ्या खेपेला मुलांची यादी मागितली, जी पहिल्या दिवशी सांगितलीच नव्हती. पाचव्या खेपेला यादीत आधार नंबर नाहीत. एकदाच सगळी यादी का सांगत नाहीत हो, मी पाच वेळा नाही, एकाच वेळी सगळं आणून दिलं असतं. एकोणीस दिवस गेले. या एकोणीस दिवसात मुलं रोज विचारायची, टीचर कधी जायचं, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. सगळ्यात वाईट ते वाटायचं.

तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच खेपेला खिडकीवर विचारा की नेहमी काय काय कमी पडतं, आणि ते सांगतील ते तिथंच कागदावर लिहून त्यांना दाखवून घ्या. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या, मला चौथ्या खेपेला पोच नाही म्हणून फाईलच सापडत नव्हती. आणि लेटरहेड बघा.

पण त्या कन्नड कामातून स्क्रिप्टला एक गोष्ट मिळाली आणि ती मी सोडणार नाही. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, 'कमल बस्ती' म्हटल्यावर तुमच्या मुलांना काय वाटतं ओ? मी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. निम्म्यांनी सांगितलं, कमळं आहेत ती वस्ती, एकाने सांगितलं झोपडपट्टी. म्हणजे मी अकरा पानं लिहिली आणि शीर्षकातला शब्दच मुलांना चुकीचा कळत होता! कन्नडमध्ये बसदी किंवा बस्ती म्हणजे जैन मंदिर, मूळ शब्द वसती, राहण्याची जागा. मराठीतली वस्ती त्याच घराण्यातली. हे सांगितल्यावर मुलांना फार आवडलं, कारण एक शब्द दोन्ही भाषांत फिरून आलेला दिसला. आमची मुलं शाळेत कन्नड शिकतातच, त्यांना आपण शिकतो ते उपयोगी पडतं असं पहिल्यांदा वाटलं असावं. म्हणून माझं म्हणणं आहे की सीमाभागातल्या जुन्या जागेची स्क्रिप्ट लिहिताना दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला एकदा वाचायला द्याच, ऑफिस मागो किंवा न मागो. तिथली नावं, शिलालेख, जुने कागद निम्मे निम्मे दोन्हीकडचे असतात.

शिलालेखाचंही तसंच. या मंदिराचे दोन कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी स्क्रिप्टमध्ये हे एका ओळीत संपवलं होतं, पण मुलांना तेवढंच आठवतंय, अजून विचारतात, आपला दगड तिकडं का? मी उत्तर तयार ठेवलं नव्हतं. म्हणून सांगते, स्क्रिप्टमध्ये जिथं मुलं 'का' विचारणार तिथं पेन्सिलने खूण करा आणि दोन वाक्यांचं उत्तर लिहून ठेवा. मी आता असं लिहिलंय की त्या काळात इंग्रज अधिकारी असे दगड गोळा करून नेत, त्यावरचं लिखाण वाचून छापलंय म्हणून आपल्याला बीचिराज आणि १२०४ माहीत आहेत. दगड परत आला पाहिजे का, ते मुलांनाच विचारते.

आता खरी फेरी. सहा थांबे ठरवले होते, चार झाले. दाराशी दुर्गा आणि गणपती, मग खंदक आणि रांग, मग बस्ती, मग विवेकानंद राहिले ते हरिपद मित्रांचं घर. घरी घड्याळ लावून वाचलं तर एक थांबा चार मिनिटांचा होता, मुलांसमोर तोच आठ मिनिटं लागला, कारण मागच्यांना ऐकू येत नाही, कोणी पाणी पितं, कोणी कबुतर बघतं. लिहिलेल्या वेळेची दुप्पट धरा. आणि मंदिराजवळ बूट काढायचे छत्तीस जोड! नऊ मिनिटं गेली, परत घालताना त्याहून जास्त, एकाचा डावा दुसऱ्याच्या पायात. पुढच्या वेळी रांगेच्या क्रमानेच बूट ठेवायला सांगणार आहे.

बस्तीत छताला मधोमध दगडी कमळ आहे, ७२ पाकळ्यांचं, त्यावर तीन काळांतले चोवीस चोवीस तीर्थंकर. मी आधी हे सांगितलं नाही. फक्त म्हटलं, पाकळ्या मोजा, कोणाला कितीही आल्या तरी चालेल. बारा बाराच्या गटाने आत पाठवलं, कारण सगळी एकदम आत गेली तर वर बघता बघता एकमेकांवर आदळतात. पासष्ट आले, सत्तर आले, एकाला एक्क्याऐंशी. बाहेर आल्यावर फळ्यासारखं जमिनीवर खडूने लिहिलं, २४ गुणिले ३. एका मुलीने स्वतःच सांगितलं, टीचर ७२, मग परत आत जाऊन मोजू का? मी हो म्हटलं. ती दुसऱ्यांदा गेली, मान दुखेपर्यंत मोजलं, आणि बाहेर येऊन म्हणाली बरोबर आहे. मला त्या क्षणी एकोणीस दिवसांचा थकवा आठवला नाही.

आधी उत्तर सांगून दाखवलं असतं तर दोन सेकंद वर बघून सगळी बाहेर आली असती. पहिल्या अकरा पानांच्या स्क्रिप्टमध्ये मी तेच केलं होतं, तिसऱ्या ओळीत ७२ लिहिलं होतं. आता माझी स्क्रिप्ट चार पानांची आहे, आणि त्यात मी बोलायच्या ओळी कमी आणि मुलांनी करायच्या गोष्टी जास्त आहेत.

एक राहिलं. रांगेची जागा आधी जाऊन बघून या. चौतीस मुलं हातभर अंतराने म्हणजे तीस मीटरच्या वर सरळ जागा लागते, सावलीत, आणि गाड्या जात नाहीत अशी. आम्ही ऐनवेळी एका वळणाच्या रस्त्यावर उभे राहिलो आणि मोटारसायकलसाठी रांग दोनदा मोडावी लागली, दुसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा राज्याभिषेकाच्या जागी दुसराच मुलगा आला आणि आधीचा रडकुंडीला आला, माझी जागा ती होती म्हणून. त्याला हाताला धरून परत पंधराव्या जागेवर आणलं, मगच पुढं गेलो.