तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानातला थयथयाट

"ताई, दुकानात गेलं की आमचा तीन वर्षांचा मुलगा लोळण घेतो. अर्धा-अर्धा तास रडणं थांबत नाही. सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतो, डोक्यावर चढवून ठेवलाय. खरंच मुद्दाम करतो का हो?"

बहुतेक वेळा नाही. पुण्यात बालवाडी चालवताना हे मला पालक वारंवार विचारतात, आणि मी आधी त्यांनाच एक विचारते: ज्यासाठी रडत होता ती वस्तू हातात दिल्यावर काय झालं? रडण्याच्या आवाजापेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

आमच्याकडच्या साडेतीन वर्षांच्या एका मुलीचं सांगते. दिवाळीच्या आधीचा शनिवार. सकाळी अकराला जेवण, दुपारची झोप प्रवासात बुडालेली, मग लक्ष्मी रोडवर दोन तास साड्या आणि मॅचिंग ब्लाउजपीस. साडेसहाला सगळे तुळशीबागेत शिरले. माणसाला माणूस खेटलेला, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून तिथे फक्त पिशव्या आणि गुडघे दिसतात. भातुकलीच्या दुकानात तिने छोटा कुकर उचलला. आई म्हणाली, "आज नको, पुढच्या वेळी." मुलगी तिथेच आडवी झाली. किंचाळणं, लाथा, एक चप्पल भिरकावली. दुकानदाराने मायेने कुकर तिच्या हातात ठेवला, तिने तो फेकला. आजीने पैसे देऊन टाकले, तरी "नको, ते नको" चालूच. मग "पाणी", पाणी पुढे केलं तर बाटली ढकलली. मग "घरी जायचंय".

कुकरसाठी डाव टाकणारं मूल कुकर मिळाल्यावर थांबतं. ही थांबू शकत नव्हती, कारण तोवर कुकरचा प्रश्न उरलाच नव्हता. भूक, झोप आणि गर्दी आधीपासून साचलेली होती, "आज नको" हे फक्त शेवटचं निमित्त. आलेली इच्छा दाबून धरणं, "नंतर" या शब्दावर तग धरणं, हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. तो भाग या वयात अगदी कच्चा असतो आणि दमलेल्या मुलात जेवढा आहे तेवढाही साथ देत नाही. मिनिसोटा विद्यापीठात फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ मध्ये आयांनी ठेवलेल्या नोंदींवरून मुलांच्या रागाचा अभ्यास मांडला होता. जेवणाच्या आधी आणि झोपेच्या वेळेच्या आसपास राग वाढतो, हे त्यात तेव्हाच दिसलं होतं. आपण खरेदीला निघतो ती वेळ नेमकी हीच.

आता अर्धा तास का, ते. मायकेल पोटेगल आणि सहकाऱ्यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा प्रसंगांची पालकांकडून वर्णनं गोळा केली, २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चारांपैकी तीन प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याच्या आत संपत होते. त्यांना यात दोन भावना वेगवेगळ्या दिसल्या. राग झपाट्याने चढतो आणि लवकर ओसरतो. दुःख मात्र राग ओसरल्यावरही राहतं. किंचाळणं, लाथा, फेकाफेक हा राग, मुसमुसणं आणि कुशीत शिरू पाहणं हे दुःख. दुकानात आपण काय करतो? राग उतरणीला लागला की विचारतो, "काय हवंय ते नीट सांग." किंवा, "बघ, ते काका रागावतील." शेजारच्या बाई म्हणतात, "एवढी मोठी मुलगी रडते का?" प्रत्येक वाक्यागणिक राग पुन्हा पेटतो. त्या दिवशी तुळशीबागेत हे तीनदा झालं. बाहेरून सलग एकच रडणं वाटतं, पण ती एकामागून एक उठलेली छोटी वादळं असतात.

शेवटी वडिलांनी तिला उचललं आणि राममंदिराच्या आवारात नेलं. एका कडेला बसले, तिला मांडीवर घेतलं आणि काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने किंचाळणं हुंदक्यांवर आलं, तिने स्वतःहून त्यांच्या खांद्यावर मान टाकली. ही खूण ओळखा. पाणी तेव्हा द्यायचं, बोलायचं असेल तर तेही त्यानंतर. ती पाणी प्यायली, बिस्किट खाल्लं आणि रिक्षात झोपली.

मग मुद्दाम करणं कसं दिसतं? समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधून त्याला खेळवायचं, तर आधी त्याचं मन आपल्यापेक्षा वेगळं आहे हे कळायला हवं. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली: मॅक्सी कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं साधारणपणे नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. जे आपल्याला माहीत ते मॅक्सीलाही माहीत, असंच त्यांना वाटतं. बरोबर उत्तर चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास यायला लागतं. तीन वर्षांच्या मुलावर कारस्थानाचा आरोप म्हणूनच मला पटत नाही.

पण रडलं की मिळतं, हे शिकायला कारस्थान लागत नाही. आमच्याच एका साडेचार वर्षांच्या मुलाला बिलिंग काउंटरपाशी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेली चॉकलेटं दिसली की तो भोकाड पसरायचा. आजोबा बरोबर असले तरच. डोळे कोरडे, बोटांच्या फटीतून आजोबांकडे नजर. आजोबा रॅकमागे गेले की आवाज बंद, परत आले की सुरू. मध्येच घासाघीस: "मोठं नको, छोटं." चॉकलेट मिळालं की पुढच्या क्षणी हसू. हे मूल पूर्ण भानावर आहे. तरी त्याला लबाड म्हणू नका. आजोबा चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा देत होते, आणि कधीतरीच फळणारी सवय सगळ्यात चिवट असते. इथे जवळ घेऊन बसायची गरज नाही. दुकानात शिरण्याआधी सांगायचं, आज चॉकलेट नाही, आणि आजोबांसकट सगळ्यांनी ते पाळायचं. सुरुवातीला रडणं वाढेल. त्या वाढीला घाबरून दिलंत, तर आणखी जोरात रडायचं असतं, एवढंच तो शिकेल.

दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतातही. मागणीसाठी काढलेला सूर दमलेल्या मुलाच्या हाताबाहेर जातो आणि मग थांबवणं त्यालाच जमत नाही. नजर फिरायची थांबली, घासाघीस संपली, दिलेली वस्तूही नको झाली, की पहिल्या मुलीच्या वडिलांसारखं वागा. वस्तू मात्र घेऊन देऊ नका. ती आता त्याच्या उपयोगाची नाही, आणि नंतरच्या आठवणीत नेमकी तीच राहील.

तुमचा अर्धा तास फक्त दुकानातला असेल आणि मध्ये बोलणं, समजावणं, धमकावणं चालू असेल, तर आधी ते थांबवून बाहेर निवांत जागी न्या आणि वेळ किती कमी होते ते बघा. घरी शांततेतही रडणं वरचेवर पंचवीस मिनिटांच्या पुढे जात असेल, तो स्वतःला चावत, डोकं आपटत असेल, दिवसातून बऱ्याच वेळा होत असेल, किंवा मिक्सर, गर्दी, ठरावीक कपडा अशा गोष्टींनी दरवेळी होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना एकदोन प्रसंगांचा व्हिडिओ आणि आधी झोप-जेवण कधी झालं होतं याची टिपणं न्या.