कापताना सव्वीस, देताना तीस

शनिवार, रात्री अकरा

आज पगार हातात दिला, तर मावशींनी तो न मोजता ओट्यावर ठेवला. "ताई, हिशोब कसा केलात?"

मी कॅलेंडर पुढे केलं. तीन खाडे, लाल फुल्या. पाहुणे होते म्हणून दोन साप्ताहिक सुट्ट्यांना त्या आल्या होत्या, तिथे हिरवी खूण. चार सुट्ट्या वजा जाता कामाचे दिवस 26, म्हणून खाडे कापताना पगाराला 26 ने भागलं. जादा दिवस मात्र 30 ने भागून दिले. का, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"कापताना सव्वीस आणि देताना तीस?" मावशी म्हणाल्या.

एकाच आकड्याने भागलं असतं, तर तीन वजा दोन, एकाच दिवसाचा पगार कापायचा होता. माझ्या रीतीने सव्वा दिवसाहून किंचित जास्तच गेला होता. रक्कम मोठी नाही. पण हिशोबात मी पक्की, असा माझाच समज होता ना!

मग मीही बोलले. तीनपैकी दोन खाडे न कळवता झाले होते. सकाळी भांड्यांचा ढीग, नऊला माझं ऑफिस, आणि फोन बंद. आदल्या रात्री एक निरोप आला असता तर मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं असतं, एवढंच माझं म्हणणं होतं. ते त्यांना पटलं. ताप होता, फोनचं सुचलं नाही, म्हणाल्या. मी ऐकलं, पूर्ण विश्वास बसला असं नाही.

"आणि तुम्ही दार उघडत नाही ते?" आठला येऊन त्या कितीदा वीस मिनिटं बाहेर उभ्या असतात. ती वीस मिनिटं पुढे दुसऱ्या घरी उशीर म्हणून मोजली जातात, तिसऱ्या घरी बोलणी खायला लागतात. माझ्या कॅलेंडरवर याला रंगच नाही.

शेवटी, जाता जाता, "पाहुण्यांसमोर 'हिला सगळं सांगावं लागतं' म्हणालात. एरवी मावशी, तुम्ही, आणि तेव्हा हिला." तेव्हा सगळे हसले होते, मीही. आज उत्तर सुचलं नाही.

2011 च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात घरकामगाराला आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती हा हक्क म्हटलाय. मी त्या चार सुट्ट्यांना आजवर सवलत म्हणत आले.

ठरलं ते असं: दोन्हीकडे 26. यायचं नसेल तर आदल्या रात्री निरोप. आम्ही गावाला गेलो तर ते दिवस त्यांचे खाडे नाहीत. यावर नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, उद्या पुन्हा निघेल.

दाराचं काय? मी दुसरी चावी द्यायला निघाले. मावशींनी हात मागे घेतला. "चावी नको ताई. उद्या काही सापडलं नाही, तर पहिलं नाव माझं येईल."

पावणेआठचा गजर लावलाय.