ब्लोअरच्या नोझलपर्यंत: आमची वाटचाल

सांगलीत द्राक्ष बागायतदारांसाठी व्हिडिओ बनवणं हा आमचा व्यवसाय. सुरुवातीला विषय छाटणीच्या वेळापत्रकावरून ठरायचे: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, पुढे डाउनी आणि भुरी हे रोग. आता वेळापत्रकासोबत YouTube Studio ही उघडतो. Analytics मधल्या Audience विभागात दोन याद्या असतात. एकीत आपले प्रेक्षक गेल्या 28 दिवसांत नेमाने पाहत असलेली इतर चॅनेल, तर दुसरीत गेल्या 7 दिवसांत त्यांनी पाहिलेले इतरांचे व्हिडिओ. चॅनेल लहान असेल, तर पुरेशी माहिती जमेपर्यंत त्या दिसतच नाहीत.

आम्ही दर सोमवारी दुसरी यादी वहीत उतरवतो, कारण तिच्यात फक्त गेले 7 दिवसच दिसतात. मग चाळणी लावायची. क्रिकेट, मालिका, बातम्या सगळा महाराष्ट्रच पाहतो; त्यातून आपला प्रेक्षक ओळखू येत नाही. कार्टून दिसलं तर बहुतेक घरातला फोन मुलांच्या हातात होता. उपयोगाचा असतो तो लहान चॅनेलचा, बाहेर फारसा न गाजलेला, तरी आपल्या यादीत आलेला व्हिडिओ. तसाच विषय सलग तीन-चार सोमवारी वहीत आला, की त्याच्याकडे नीट पाहायचं. आपल्या प्रेक्षकांपैकी नेमक्या किती जणांनी तो पाहिला, हे यादी सांगत नाही. म्हणून हा पुनरावृत्तीचा हिशेब हातानेच ठेवावा लागतो.

आमच्या वहीत असा पुन्हापुन्हा येणारा विषय होता ट्रॅक्टरवर चालणाऱ्या, औषध फवारणाऱ्या ब्लोअरची दुरुस्ती. इथे चूक होते ती तोच व्हिडिओ पुन्हा काढण्याची. दुरुस्ती शिकवणारे मिस्त्री आपल्यापेक्षा सरस असतात आणि प्रेक्षकाने ते पाहिलेलंही असतं. आपला विषय आणि त्याची आवड जिथे मिळतात, ती जागा शोधायची. आम्ही घेतला तो प्रश्न असा: औषध योग्य असूनही भुरी का हटत नाही? एक कारण झिजलेल्या नोझलमध्ये सापडतं. टाकीत साधं पाणी भरायचं, फवारणीच्याच दाबावर ब्लोअर चालवायचा, पंखा बंद ठेवायचा. प्रत्येक नोझलला नळी लावून एक मिनिटाचं पाणी मापात धरायचं. त्याच दाबावर नव्या नोझलमधून पडणाऱ्या पाण्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त पडलं, तर नोझल बदलायचं.

व्हिडिओ टाकल्यावर Traffic source मध्ये Suggested videos उघडून पाहतो. तिथे दुरुस्तीचे व्हिडिओ दिसले, तर जोड जुळली असं धरतो. प्रेक्षक तिथून येऊनही पहिल्याच मिनिटात निघून जात असतील, तर विषय बरोबर असतो पण सुरुवात चुकलेली असते: प्रस्तावना लांबते आणि मापातलं पाणी उशिरा दिसतं. अशा वेळी पुढच्या व्हिडिओत मोजमापच पहिल्या दृश्यात घेतो.