मामांच्या खाचरात जून ते नोव्हेंबर

पवन मावळात मामांची दोन एकर भातशेती आहे. यंदा पेरणीपासून झोडणीपर्यंत तिचे फोटो काढायचे ठरवून मी पुण्याहून सहा वेळा गेलो. पहिली चूक म्हणजे सगळे शनिवार आधीच ठरवून ठेवले. लावणी काही शनिवार बघून होत नाही. रोपं साधारण एकवीस-पंचवीस दिवसांची झाली, खाचरात पाणी साठलं आणि बाया मिळाल्या, की होते. बुधवारी रात्री मामांचा फोन आला, "उद्या लावणी." रजा टाकून पहाटे निघालो.

लावणीत बाया मागे सरकत जातात, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी त्यांच्या पाठीमागच्या बांधावर उभा राहिलो आणि तासभर फक्त पाठी टिपल्या. चेहरे आणि हात हवे असतील तर बाजूच्या बांधावर बसा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरा. मात्र बांध नुकताच चिखलाने लिंपलेला असेल तर त्यावर पाय देऊ नका. कड खचली की पाणी वाहून जातं, आणि ती पुन्हा लिंपायचं काम मामांच्याच गळ्यात पडतं.

साचलेल्या पाण्यात ढगाळ आभाळ चकाकतं, त्यामुळे कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो आणि वाकलेले चेहरे काळे येतात. मी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवलं. व्हाइट बॅलन्स सहाही खेपांना एकच ठेवला, नाहीतर पीक पिवळं पडलंय की कॅमेऱ्याने रंग बदललाय, ते कळत नाही. गाडीच्या एसीतून बाहेर काढल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते. शेवटचे पंधरा मिनिटं एसी बंद ठेवा.

मामींना एकदा "जरा पुन्हा लावा ना" म्हटलं. त्यांनी रोपांची जुडी उचलली, पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. फोटो सुंदर आला, पण संग्रहातून काढून टाकला. इरल्याचंही तसंच. माळ्यावरून एखादं काढून देऊ का, असं मामांनी विचारलं होतं. पण बाया पावसात खताच्या गोणीची खोळ पांघरतात, म्हणून फोटोतही तीच आहे. चिखलणीला बैल नव्हते, भाड्याचा पॉवर टिलर होता. मजुरीवर आलेल्या बायांना आधी विचारलं. दोघींनी नको म्हटलं, त्या फ्रेमबाहेर राहिल्या. बाकीच्यांना पुढच्या खेपेला छापील फोटो दिले.

एक चौकट मात्र दर खेपेला तीच: जांभळाखालचा दगड, पस्तीसची लेन्स, छातीची उंची. आधीचा फोटो मोबाइलवर उघडून समोरचा डोंगर आणि विजेचा खांब जुळवून घ्यायचा. ऑक्टोबरच्या शेवटी परतीच्या पावसाने खालच्या खाचरातलं भात आडवं झालं. सप्टेंबरचा फोटो शेजारी ठेवून मामा म्हणाले, "बघ, तिथंच जास्त हिरवंगार होतं. युरिया जास्त पडला."

एप्रिलमधली राबभाजणी, म्हणजे पेरणीआधी रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळणं, मात्र हुकली. सहाच्या सहा चौकटींत रोपवाटिकेचा तो काळा तुकडा नाही.