मान उडण्याआधी

सातव्या वर्षी माझे डोळे सारखे मिचकायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही आणि दोनेक महिन्यांत ते आपोआप थांबलं. मग नाक आक्रसायला लागलं. नववीत मान उजवीकडे झटक्याने उडू लागली, सोबत घशातून ‘हं’ असा आवाज. आजी म्हणायची, “चाळा आहे, सोड तो.” वर्गात बाई म्हणाल्या, मुद्दाम करतोस.

दहावीत आई मला मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, “मान उडायच्या आधी काय जाणवतं?” हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

उजव्या कानाखाली, दोन बोटांएवढ्या जागेत काहीतरी ताणत जातं. शिंक अडून बसावी तसं. चोळून, खाजवून तिथे हात पोचत नाही. मान उडाली की काही सेकंद मोकळं वाटतं आणि पुन्हा भरून येतं. कधी झटका ‘नीट बसत’ नाही, मग मनासारखा होईपर्यंत तीन-चारदा द्यावा लागतो.

डॉक्टर आईला म्हणाले, अशा झटक्यांना आणि आवाजांना टिक म्हणतात; सवय आणि टिकमधला फरक इथे आहे. माझा भाऊ बसल्याबसल्या पाय हलवतो. “पाय!” म्हटलं की थांबतो आणि विसरून जातो, आत काही साचत नाही. मीही वर्गात वीस मिनिटं मान धरून ठेवायचो, पण त्या वीस मिनिटांत फळ्यावरचं काही डोक्यात शिरायचं नाही. थांबवता येतं म्हणजे मुद्दाम करतो, असं आईला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, “पापणी रोखून बघा. किती वेळ रोखाल?” आई रडली.

रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. एकाहून जास्त हालचाली, किमान एक आवाज, वर्षाहून जास्त काळ आणि सुरुवात अठराच्या आत, यावरून त्यांनी टुरेट सिंड्रोम सांगितलं. तोंडातून शिव्या येणं थोड्याच जणांत असतं, हेही तेव्हाच कळलं.

औषधाआधी मानसोपचार करून बघायचं ठरलं. पहिला आठवडा फक्त ओळखायचं: ताण जाणवला की बोट वर. माझं बोट उशिरा वर जायचं, मान आधीच उडालेली असायची. पकडता येऊ लागल्यावर दुसरं काम. हनुवटी किंचित आत, मानेचे स्नायू हलके घट्ट, नजर समोर, एक मिनिट किंवा ताण ओसरेपर्यंत. आवाजासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास. पहिले काही दिवस ताण इतका चढायचा, की आता फुटेल असं वाटे. मग एकदा मान न उडवताच तो उतरला. तोवर मला वाटायचं, झटका दिल्याशिवाय तो जातच नाही.

घरच्यांना एकच सूचना होती, टिककडे लक्ष वेधायचं नाही. तिचा विषय निघाला की ती वाढते.

अडीच महिन्यांत मानेचे झटके बरेच कमी झाले. जागरण झालं किंवा परीक्षा आली की वाढतात. गेल्या महिन्यापासून डोळे परत मिचकायला लागलेत. पापणीतला ताण वेगळा, वाळूचा कण अडकल्यासारखा. त्यासाठी सध्या मोजून, सावकाश पापण्या मिटतोय.